हेल्पलाइनचा नंबर शोधताना : खातेदारासाठी लिहिलेली पुस्तकं आणि त्यांतलं हवं ते पान

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकांविरुद्धच्या तक्रारी येतात. त्यांत ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा या कार्यालयांतल्या अधिकाऱ्यांच्या हाती एक मोठा ऐवज जमा झाला. कुणाला कसा फोन आला, कुणी कुठली लिंक दाबली, कुणाचे पैसे कोणत्या क्षणी गेले, हे सगळं खातेदारांनी स्वतःच लिहून दिलेलं होतं. त्या ऐवजातून 2022 मध्ये सामान्य माणसासाठी दोन पुस्तिका निघाल्या. एक ‘बी अवेअर’. दुसरी ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ज’, म्हणजे राजू आणि त्याला लुटणारे चाळीस चोर. ही दुसरी पुस्तिका महाराष्ट्र आणि गोव्याचं काम पाहणाऱ्या मुंबईतल्या लोकपाल कार्यालयाने तयार केली. दोन्ही रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

पंचेचाळीस-पन्नाशी ओलांडलेल्या, पगार किंवा पेन्शन बँकेत जमा होणाऱ्या आणि भाजीचे पैसेही आता फोनवरून देणाऱ्या माणसाला सायबर सुरक्षेचं एखादं पुस्तक वाचायचं असेल, तर मी त्याला आधी या पुस्तिका वाचायला सांगेन. दुकानांत या विषयावरची जाडजूड पुस्तकंही दिसतात, पण त्यांतली बरीच कंपन्यांच्या संगणक विभागासाठी लिहिलेली असतात. काही चांगली पुस्तकं परदेशी खातेदारासाठी असतात. फ्रँक अॅबग्नेल यांचं 2019 मधलं ‘स्कॅम मी इफ यू कॅन’ सोप्या भाषेत लिहिलेलं आहे, पण ते अमेरिकेतल्या वाचकासाठी. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांची ‘द लिटल बुक ऑफ बिग स्कॅम्स’ ही छोटी पुस्तिकाही छान आहे, पण तिच्यासमोरचा माणूस ब्रिटनमधला. आपल्याकडचा खातेदार युपीआय वापरतो. त्याला पहिल्यांदा हे कळायला हवं की पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून बाहेर जातात आणि पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. हे वाक्य परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

राजूच्या पुस्तिकेची रचना साधी आहे. प्रत्येक प्रसंगात राजू किंवा त्याच्यासारखा कुणीतरी कशाच्या तरी गरजेत असतो. नोकरी हवी असते, जुनं सामान विकायचं असतं, कार्डाचं वार्षिक शुल्क माफ करून घ्यायचं असतं. चोर त्या गरजेतूनच आत शिरतो. शेजारी चित्र असतं आणि खाली काय करावं, काय करू नये ते थोडक्यात दिलेलं असतं. ‘बी अवेअर’ची मांडणी जरा कोरडी आहे. फसवणुकीचा प्रकार, भामट्यांची पद्धत आणि मग खबरदारी, असा तिचा क्रम आहे. मला राजूची पद्धत जास्त पटते. आपण फसतो तेव्हा आपल्या डोक्यात ‘फिशिंग’ हा शब्द नसतो, अडलेलं काम असतं. जे पुस्तक त्या अडलेल्या कामापासून सुरू होतं, ते प्रत्यक्ष प्रसंगात आठवतं.

दोन्ही पुस्तिकांत असलेला एक प्रकार इथे सविस्तर घेतो, कारण मध्यमवयीन खातेदाराला तो फार सहज गाठतो आणि ‘अनोळखी फोन घेऊ नका’ हा नेहमीचा सल्ला त्यात मुळीच उपयोगी पडत नाही. इथे फोन खातेदार स्वतःच लावतो.

असं समजा, कोल्हापुरातल्या एका शिक्षकांनी शनिवारी संध्याकाळी विजेचं बिल भरलं. खात्यातून 1,850 रुपये गेले, पण बिल भरलेलं दिसेना. शाखा बंद होती. त्यांनी गुगलवर बँकेचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ असं टाकलं. वरच एक नंबर आला, तो त्यांनी लावला. तो नंबर बँकेचा नव्हता. भामटे असे नंबर जाहिरातींत, खोट्या पानांवर, कधी नकाशावरच्या शाखेच्या माहितीत घालून ठेवतात. इंटरनेटवर शोधलेला नंबर वरच दिसला म्हणून तो खरा ठरत नाही, हे पुस्तिकेत स्पष्ट आहे. पण शिक्षकांच्या मनात त्या वेळी शंका यायला जागाच नव्हती, कारण फोन त्यांनीच लावला होता.

पलीकडचा माणूस नम्रपणे बोलला. “काका, घाबरू नका, तुमची रक्कम सर्व्हरवर अडकली आहे, दोन मिनिटांत परत करतो.” त्याने बिलाची रक्कम आणि वेळ विचारून घेतली. ही माहिती शिक्षकांनीच दिली, पण थोड्या वेळाने त्यानेच ती परत सांगितली तेव्हा त्यांना वाटलं, याला सगळं दिसतंय. मग त्याने ‘बँकेचं मदतीचं अॅप’ म्हणून प्ले स्टोअरवरून एक अॅप उतरवायला सांगितलं. ते एनीडेस्कसारखं, दुरून दुसऱ्याचा पडदा पाहण्याचं अॅप होतं. अॅप खरंच असतं, कार्यालयांत रोज वापरलं जातं, त्यामुळे फोन कुठलाही धोक्याचा इशारा देत नाही. ते उघडलं की एक लांब आकडा दिसतो. “तो तक्रार क्रमांक आहे, मला वाचून दाखवा,” असं तो म्हणाला. शिक्षकांनी आकडा वाचला आणि नंतर आलेल्या परवानगीच्या चौकटीवर होकार दाबला. त्या क्षणापासून त्यांच्या फोनवर जे दिसत होतं ते दुसऱ्या गावात बसलेल्या माणसालाही दिसू लागलं. रिझर्व्ह बँकेने या पद्धतीबद्दल बँकांना 2019 च्या फेब्रुवारीतच सावध केलं होतं.

पुढची पायरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. भामट्याने ओटीपी मागितलाच नाही. “ओटीपी कुणाला सांगू नका, मलाही नाही,” असं उलट बजावलं. त्याने त्याचा विश्वास आणखी वाढला. मग पैसे परत येण्यासाठी एक अर्ज भरायला सांगितला, त्यात कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे टाकायचे होते. शिक्षकांनी ते टाकले आणि भामट्याने पडद्यावर वाचले. थोड्याच वेळात फोनवर ओटीपीचा संदेश आला, वरच्या पट्टीत क्षणभर दिसला आणि त्याने तोही वाचला. 6 वाजून 40 मिनिटांनी 49,000 रुपये गेले. 6.52 ला 38,500 गेले. पैसे गेल्याचे संदेश येत होते, पण “हे उलट व्यवहार आहेत, आता दोन्ही परत जमा होतील” असं तो सांगत राहिला.

‘ओटीपी सांगू नका’ एवढंच शिकवणारं पुस्तक इथे कमी पडतं. शिक्षकांनी ओटीपी खरोखरच कुणाला सांगितला नाही. या प्रकाराच्या पानावर असायला हवं ते वेगळंच आहे. बँक कधीही तुमच्या फोनवर पडदा दाखवणारं अॅप घालायला लावत नाही. पैसे परत करण्यासाठी बँकेला तुमच्या कार्डाचे आकडे लागत नाहीत, कारण व्यवहार तिच्याच नोंदीत असतो. आणि हेल्पलाइनचा नंबर शोधायचा नसतो, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकावर असतो आणि बँकेच्या स्वतःच्या अॅपमध्ये असतो. पुस्तिका हातात घ्याल तेव्हा ही तीन वाक्यं तिथे आहेत का ते पाहा, नसतील तर समासात लिहून ठेवा.

पुस्तकाच्या छपाईचं वर्ष का पाहायचं, तेही याच प्रकारात दिसतं. आता अनेक बँकांची अॅपं पडदा दुसरीकडे दाखवला जात असेल तर उघडतच नाहीत किंवा पडदा काळा करतात. म्हणून भामट्यांनी वाट बदलली. ते व्हॉट्सअॅपवरून .apk अशा शेवटाची फाइल पाठवतात. तिचं नाव बँकेचं केवायसी, वाहनाचा दंड किंवा लग्नाची पत्रिका असं काहीही असतं. ही फाइल प्ले स्टोअरबाहेरून येते, त्यामुळे फोन आधी ‘अनोळखी स्रोत’ म्हणून अडवतो. तो अडथळा कसा काढायचा ते भामटा फोनवरून शिकवतो. मग अॅप संदेश वाचण्याची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की येणारे ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. तिथे पडदा पाहायची गरजच उरत नाही. 2022 च्या पुस्तिकांत अनोळखी अॅपवरचा मजकूर आहे, पण लग्नाची पत्रिका बनून येणारी फाइल वाचकाने त्याच पानाखाली स्वतः जोडून घ्यायला हवी.

जुन्या पुस्तकांतल्या आणखी काही गोष्टी आता तशा राहिलेल्या नाहीत. ऑनलाइन बाजारात जुना सोफा विकायला काढला की ‘खरेदीदार’ पैसे पाठवतो म्हणून युपीआयवर पैसे मागणारी विनंती पाठवायचा आणि विकणारा पिन टाकून स्वतःच पैसे देऊन बसायचा, हा प्रसंग जवळपास प्रत्येक पुस्तकात आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीने व्यक्तीला अशी विनंती पाठवणं युपीआयवर बंद झालं. व्यापाऱ्यांच्या विनंत्या मात्र चालू आहेत आणि क्यूआर कोडवरून तोच डाव खेळता येतो, त्यामुळे ते पान फाडून टाकण्याजोगं नाही. तसंच ‘पत्त्याच्या आधी कुलूप दिसलं की संकेतस्थळ सुरक्षित’ हा सल्ला. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधला प्रवास बंदिस्त आहे. पलीकडे बँक आहे की चोर, हे त्यातून कळत नाही, आणि खोट्या संकेतस्थळांनाही कुलूप मिळतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपले पत्ते .bank.in या शेवटावर न्यायला सांगितलं. हा शेवट बँकांनाच दिला जातो. म्हणून आता कुलपापेक्षा पत्त्याचा शेवट वाचा, आणि तो पूर्ण वाचा, कारण bank.in हे शब्द पत्त्याच्या मधोमध घालून पुढे दुसराच शेवट देणं भामट्याला जमतं. मदतीचा नंबरही बदलला आहे. जुन्या पत्रकांत 155260 छापलेला दिसेल, आता तो 1930 आहे.

शिक्षकांकडे परत येऊ. 7 वाजता मुलगी घरी आली. फोनवर बोलणारे वडील, हलणारा पडदा आणि पैसे गेल्याचे संदेश पाहून तिने फोन हातातून घेतला आणि इंटरनेट बंद केलं. सगळ्यात आधी हेच करायचं असतं, कारण जोडणी तुटेपर्यंत चोर आतच असतो. “बाबा, कार्ड आणा,” म्हणून तिने स्वतःच्या फोनवरून कार्डामागचा नंबर लावला. कार्ड बंद करायला सांगितलं आणि खात्यातून बाहेर जाणारे सगळे व्यवहार थांबवायला सांगितलं. इथे अनेकांची चूक होते. ते फक्त कार्ड बंद करतात. युपीआय आणि नेटबँकिंग चालूच राहतं. 7.05 ला तक्रार नोंदली गेली, तिने तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून घेतली. लगेच 1930 लावला. तिथे खाते क्रमांक, व्यवहारांचे क्रमांक, रकमा आणि वेळा विचारतात, म्हणून बँकेचे संदेश समोर ठेवून बोलायचं. हीच तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते.

1930 वर केलेल्या तक्रारीतून पैसे लगेच परत मिळत नाहीत. ही व्यवस्था पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवते, आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती अडवली जाते. भामटा पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि शेवटी एटीएममधून काढून नेतो. ही साखळी पूर्ण व्हायला फार वेळ लागत नाही, म्हणून पहिला तास मोलाचा. अडवलेली रक्कम परत मिळण्याची कारवाई त्यानंतर पोलिसांमार्फत सुरू होते.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. बँकेला कळवल्यानंतर, 7.20 ला, खात्यातून आणखी 25,000 रुपये गेले. बँकेकडून थांबवण्यात उशीर झाला होता. हे पैसे कुणाचे बुडाले? सामान्य वाचकासाठीच्या पुस्तकांत या प्रश्नावर फार कमी लिहिलेलं असतं, आणि मला वाटतं तीच त्यांची मोठी उणीव आहे.

6 जुलै 2017 ला रिझर्व्ह बँकेने याची चौकट घालून दिली. बँकेच्या चुकीने पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, व्यवस्थेतल्या तिसऱ्याच कुणाची असेल आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यासाठी त्याचं नुकसान जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत. दिवस मोजताना संदेश मिळाला तो दिवस धरत नाहीत. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, म्हणजे त्याने पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं.

आता शिक्षकांचा हिशेब करून पाहू. 7.05 ला कळवलं होतं, त्यामुळे 7.20 चे 25,000 रुपये बँकेने द्यायला हवेत. इथे त्यांनी पडदा का दाखवला हा प्रश्न येत नाही. पहिल्या दोन व्यवहारांच्या 87,500 रुपयांबद्दल बँक म्हणेल की तुम्ही स्वतःच अॅप घातलं आणि कार्डाचे आकडे टाकले, हा निष्काळजीपणा आहे. त्यांची बाजू इथे कमकुवत आहे, हे मान्य करायला हवं. तरीही याच चौकटीत एक महत्त्वाचा मुद्दा आहे, ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. त्यामुळे लेखी तक्रारीत कोणता व्यवहार कोणत्या मिनिटाला झाला, कोणत्या संदेशाने कळलं आणि आपण कधी कळवलं, हे तीन रकान्यांत लिहून द्यावं आणि शाखेकडून पोच घ्यावी. फोनवर बोलणं झालं म्हणून थांबू नये. पुरावा म्हणून संदेशांची आणि त्या अॅपची चित्रं काढून ठेवावीत. फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो योग्य आहे, पण चित्रं काढून आणि पोलिसांना दाखवून झाल्यावरच तो पाळावा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर लोकपाल ती घेत नाही. रकमा आणि मुदती काळाप्रमाणे बदलतात, म्हणून आपल्या बँकेच्या संकेतस्थळावर ग्राहक संरक्षण धोरण असतं ते एकदा वाचून ठेवावं. ते धोरण लोकांसमोर ठेवणं बँकांवर बंधनकारक आहे. ते सहसा कंटाळवाण्या इंग्रजीत असतं. मराठीत कुणी याचं सोपं चार पानी रूपांतर केलं तर लोकांच्या हाती ते द्यायला शाखांनाही आवडेल.

पुस्तक जिथे थांबतं अशी एक जागा मला वारंवार दिसते. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून गाजलेल्या प्रकारात भामटा पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी बनून व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही. ‘घरच्यांना सांगाल तर त्यांनाही अटक होईल’ ही त्यातली ठरलेली धमकी. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं. पण हे वाचलेला माणूससुद्धा त्या तासांत एकटा पडतो आणि वाचलेलं वापरता येत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला विचारायला कुणी नसतं. फसवणुकीचं पुस्तक एकट्याने वाचून पुरेसं होत नाही, असं मला वाटतं ते यामुळे. ते घरातल्या दुसऱ्या कुणाबरोबर वाचावं. शिक्षकांच्या घरी मुलगी वेळेवर आली म्हणून ती सुरुवात तरी करू शकली. तिलाही कार्डामागचा नंबर लगेच सापडला नसता, तर पुढची दहा मिनिटं शोधण्यातच गेली असती आणि त्या शोधात ती पुन्हा गुगलवरच्या नंबरापाशी पोचली असती. पुस्तिकेच्या पहिल्या कोऱ्या पानावर आपल्या प्रत्येक बँकेचा नंबर कार्डावरून पाहून मोठ्या अक्षरांत लिहावा, खाली 1930 लिहावा आणि ‘कार्ड, युपीआय, नेटबँकिंग तिन्ही बंद करा’ हे सांगायचं वाक्य लिहावं. हे पान फोनमध्ये ठेवू नये, कारण फोन त्या वेळी चोराच्या ताब्यात असतो.